पावणेतीन दिनार कसे म्हणायचे?

कुवेत शहराच्या जुन्या बाजारात, सूक अल-मुबारकियात, खजुराच्या दुकानांची एक रांग आहे. मोठ्या मॉलमधल्या चिठ्ठ्यांवर आपल्या ओळखीचे इंग्रजी आकडे असतात, पण इथे बऱ्याच पाट्या हातानं लिहिलेल्या असतात, त्याही अरबी आकड्यांत. समजा एका राशीवर पाटी आहे: ٢٫٧٥٠. किलोचा भाव. हा भाव मोठ्यानं म्हणायचा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पहिल्या फटक्यात निघतं ते ‘दोन दिनार पंच्याहत्तर’. रुपयाचे शंभर पैसे, त्यामुळे दशांशचिन्हानंतर दोनच आकडे वाचायची आपल्या जिभेला सवय असते, आणि शेवटचं शून्य आपण सोडून देतो. पण कुवेती दिनाराचे भाग शंभर नाहीत, हजार आहेत. एका भागाला म्हणतात फिल्स. म्हणजे पाटीवरचा भाव दोन दिनार आणि सातशे पन्नास फिल्स. ‘दोन दिनार पंच्याहत्तर’ असं अरबीत म्हटलं, तर दुकानदाराला ऐकू येतं दोन दिनार आणि पंच्याहत्तर फिल्स, अर्थात २.०७५. फरक ६७५ फिल्सचा पडला. तो समजेल की गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय, आणि कदाचित नाराजही होईल.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि मराठी, गुजराती, मल्याळी मित्रांना करताना पाहिलीही आहे. दुबईहून किंवा सौदीहून कुवेतला आलेले लोकही ती हमखास करतात, कारण तिथल्या दिरहमाचे आणि रियालाचे भाग शंभरच आहेत. बहरीनचा दिनार आणि ओमानचा रियाल मात्र कुवेतसारखेच हजारात मोडतात. म्हणून पहिला नियम असा: दशांशचिन्हानंतरचे तिन्ही आकडे एकत्र, एक संख्या म्हणून वाचायचे. सातशे पन्नास. पुढे शून्य असेल, जसं ०७५, तरच पंच्याहत्तर.

वाचण्याआधी आकडे दिसायला हवेत, आणि मराठी डोळ्याची खरी फसगत इथे होते. अरबी पाच लिहिला जातो ٥ असा, म्हणजे चक्क आपल्या शून्यासारखा गोल. आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका, ٠. त्यामुळे ٥٠٠ हे आपल्याला ‘शून्य आणि दोन टिंबं’ दिसतं, प्रत्यक्षात ते पाचशे असतं. सहा, ٦, हा इंग्रजी सातासारखा दिसतो. सात म्हणजे वर उघडी दोन बोटं, ٧, आणि आठ म्हणजे तीच बोटं उलटी, ٨. दोन आणि तीन, ٢ आणि ٣, यांत फरक फक्त एका दात्याचा. घाईच्या अक्षरात अनेकजण तिनाचा एक दाता गाळतात आणि मग तो छापील दोनासारखा दिसू लागतो. अशा वेळी त्याच दुकानातली दुसरी पाटी शोधून त्या माणसाचा दोन कसा आहे ते पाहून घेणं बरं. दशांशचिन्ह टिंबाचं नसतं, कारण टिंब शून्यानं घेतलंय. ते स्वल्पविरामासारखं असतं. आपल्याकडे स्वल्पविराम हजार वेगळे दाखवतो, म्हणून नवख्याला २,७५० म्हणजे पावणेतीन हजार वाटून धक्का बसतो. एक दिलासा आहे. अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे जात असली तरी संख्या लिहिली जाते आपल्यासारखीच, मोठं स्थान डावीकडे.

आता म्हणण्याकडे वळू. दुकानदार हा भाव सहसा आकड्यांप्रमाणे म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘थलाथा इल्ला रुबअ’. थलाथा म्हणजे तीन, रुबअ म्हणजे पाव, आणि इल्ला म्हणजे वगळून, वजा. तीनाला पाव कमी. जगातल्या कितीतरी भाषांच्या लोकांना इथे थांबून वजाबाकी करावी लागते. आपल्याला लागत नाही, कारण आपण अगदी हेच म्हणतो: पावणेतीन. आपल्या पावणेच्या पोटात संस्कृत ‘पादोन’ आहे, पाद-ऊन, पावानं उणे. अरबी माणसाचं ‘इल्ला रुबअ’ आणि आपलं ‘पावणे’ ही दोन वेगळ्या घराण्यांची, पण एकाच हिशेबाची भाषा आहे. घड्याळालाही दोघं तेच लावतात. पावणेतीन वाजले हे अरबीत ‘तिसरा तास, पाव कमी’ असंच सांगतात.

मग बाकीचंही सोपं होतं. सव्वा म्हणजे ‘व रुबअ’, आणि पाव. साडे म्हणजे ‘व निस्फ’, आणि अर्धा. बोलण्यात निस्फचं ‘नुस्स’ होतं. मात्र दीड आणि अडीच यांना आपल्याकडे जसे स्वतंत्र शब्द आहेत तसे तिथे नाहीत. दीड दिनार म्हणजे ‘दीनार व नुस्स’. अडीच दिनार म्हणजे ‘दीनारेन व नुस्स’. इथे दोन हा शब्द कुठेच आलेला नाही हे लक्षात घ्या. अरबीत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन आहे, आणि ‘दीनारेन’ या एका शब्दातच दोन दिनार आले. ‘इथ्नेन दीनार’ म्हटलं तरी दुकानदाराला कळतं, पण कानाला खटकतं.

अपूर्णांकांची नावं अरबीत फार देखणी आहेत. संख्येची तीन मूळ व्यंजनं घ्यायची, पहिल्यावर उकार द्यायचा, की त्या संख्येचा तुकडा होतो. थलाथापासून थुल्थ, एक तृतीयांश. अर्बआपासून रुबअ, पाव. खम्सापासून खुम्स, पंचमांश. सबआपासून सुबअ, थमानियापासून थुम्न, तिसआपासून तुसअ, अशरापासून उश्र. सहाचा ‘सित्ता’ जरा वेगळा. त्याचं मूळ स-द-स, म्हणून षष्ठांश ‘सुद्स’. एकटं अर्धं या साच्यात बसत नाही. ‘निस्फ’ या शब्दाचं मूळ न-स-फ, आणि त्याच मुळापासून इन्साफ आला, दोन्ही बाजूंना सारखं देणं. आपल्या जुन्या न्यायालयांतला मुन्सफ हाही तिथलाच. चार ओळींची म्हणून रुबाई. माधव जूलियनांनी मराठीत आणलेल्या उमर खय्यामच्या रुबायांमध्ये हाच ‘रुबअ’च्या घरातला चार आहे.

या देखण्या साच्यातच मोठा खड्डाही आहे. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘खम्स’, पाच, आणि ‘खुम्स’, पाचवा हिस्सा, कागदावर अक्षर न अक्षर सारखे दिसतात. सात आणि सप्तमांश, नऊ आणि नवमांश, दहा आणि दशांश यांचंही तसंच. संदर्भावरूनच ठरवायचं. याहून मजेदार जोडी आहे थ-म-न ही तीन अक्षरं. पहिल्यावर उकार देऊन ‘थुम्न’ वाचलं तर आठवा हिस्सा. पहिल्या दोन्हींवर अकार देऊन ‘थमन’ वाचलं तर किंमत. ‘किमतीचा आठवा भाग’ लिहायचा झाला तर ‘थुम्न अथ-थमन’, आणि कागदावर एकच शब्द, मध्ये ‘अल’ हे उपपद ठेवून, दोनदा लिहिल्यासारखा दिसतो. वाचणाऱ्याला पहिल्याला उकार देता आला पाहिजे. म्हणून शिकताना मी एक खूण धरली होती: उकार ऐकू आला तर तुकडा.

उच्चारात सांभाळायची गोष्ट म्हणजे रुबअच्या शेवटचा ‘अ’. तो आपला अ नाही. घशाच्या तळातून आवळून येणारा तो ‘ऐन’ हा वर्ण आहे, आणि नेमका व्यवहारात सतत लागणाऱ्या चार, सात, नऊ, पाव या शब्दांत तो बसलेला आहे. आपण त्याला गिळून ‘रुब’ म्हणतो आणि समोरचा क्षणभर बघत राहतो. सबआ आणि तिसआ तर अरबांनाही फसवतात. फोनवर सात की नऊ हा घोळ होतोच. जुन्या हस्तलिखितांत नुक्ते गळले की हे दोन शब्द डोळ्यालाही सारखेच दिसत. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे लेखक पुढे खुलासा जोडत, की हा शब्द ‘स आधी येणारा’ किंवा ‘त आधी येणारा’. आपण दुकानात बोटं दाखवावीत.

एक दशांशापर्यंत नावं झाली. त्यापुढे काय? तिथे अरबी गणिताची एक जुनी सवय दिसते. अर्ध्यापासून दशांशापर्यंतच्या अपूर्णांकांना स्वतःचा शब्द आहे, म्हणून ते ‘बोलणारे’. तेराव्या भागाला असा शब्द नाही, म्हणून तो ‘असम्म’, बहिरा. त्याला ‘तेरा भागांपैकी एक भाग’ असं लांबवून सांगावं लागतं. दहाव्या शतकात बगदादला असलेल्या अबुल वफा अल-बूझजानी यांनी कारकून आणि व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं पुस्तक लिहिलं, त्यात अपूर्णांक शक्यतो या बोलणाऱ्या नावांच्या जोडण्या करूनच मांडले आहेत. बारावा भाग म्हणजे ‘निस्फ सुद्स’, सहाव्याचा अर्धा. ही पद्धत आजही जिवंत आहे. जकातीचा दर सांगताना अडीच टक्के म्हणण्याऐवजी धर्मशास्त्राची भाषा म्हणते ‘रुबअ अल-उश्र’, दहाव्याचा पाव. दहाव्याचा पाव म्हणजे चाळिसावा भाग, म्हणजेच शंभरात अडीच.

आता पाटीवरचा भाव लांब पद्धतीनं, अंक पुरे उच्चारून म्हणू: ‘दीनारेन व सबअमिया व खम्सीन फिल्स’. दोन दिनार आणि सातशे आणि पन्नास फिल्स. प्रत्येक सांध्यावर ‘व’, आणि. तो गाळला तर संख्या सुटी पडते. आणि पन्नासऐवजी पंच्याहत्तर असेल तर? ‘खम्सा व सबईन’, पाच आणि सत्तर. एकक आधी, दशक नंतर. इंग्रजीतून अरबी शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं. मराठी माणसाला वाटू नये, कारण पंच्याहत्तरमध्येही पाच आधी आणि सत्तर मागून येतो. इंग्रजी मध्ये न आणता थेट मराठीतून अरबी बोललं तर संख्या निम्म्यानं सोप्या होतात.

खरं तर या अरबी संख्या महाराष्ट्रानं कित्येक शतकं वापरल्या आहेत. पेशवेकालीन कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना शुहूर सन आठवेल. पानिपतच्या वर्षीच्या पत्रांवर सन असतो ‘इहिदे सितैन मया व अलफ’: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. मोडीत लिहिणाऱ्या आपल्या कारकुनाला सलास म्हणजे तीन, अर्बा म्हणजे चार, खमस म्हणजे पाच हे रोजचं होतं. अरबी थ आपल्याकडे स झाला आणि घशातला ऐन गळाला, एवढाच फरक. जुन्या अरबीत संख्या अशीच एककापासून चढत हजारापर्यंत जाई. आजच्या बोलण्यात हजार आणि शेकडा पुढे आले आहेत, पण एकक-दशकाची जोडी तशीच उरली आहे.

नामाचं रूप कसं बदलतं हा व्याकरणातला अवघड धडा मानतात. कुवेतमध्ये तो पाकिटात सापडतो. नोटांवर शब्दांत लिहिलेलं असतं: ‘रुबअ दीनार’, ‘निस्फ दीनार’, ‘दीनार वाहिद’, ‘खम्सत दनानीर’, ‘अशरत दनानीर’, ‘इश्रून दीनारन’. पाव आणि अर्ध्याच्या स्वतंत्र नोटा आहेत, म्हणून या बाजारात ‘रुबअ’ हा हिशेबाचा शब्द नसून हातात धरायची वस्तू आहे. नियम नोटांवरूनच वाचता येतो. तीन ते दहा या संख्यांपुढे अनेकवचन, दनानीर. अकरापासून नव्याण्णवपर्यंत पुन्हा एकवचन, शेवटी ‘अन’ लावून. शंभर आणि हजारापुढेही एकवचन, पण तो ‘अन’ नाही. फिल्सचंही असंच: दहा ‘फुलूस’, वीस ‘फिल्सन’, शंभर ‘फिल्स’. दुकानात ‘अन’ कोणी उच्चारत नाही, तो वर्तमानपत्राचा आणि बातमीदाराचा. पण पाच दिनारांना ‘खम्सा दीनार’ न म्हणता ‘खम्स दनानीर’ म्हणणं हे दुकानातही पाळतात.

१९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपया चालत असे. शेवटची दोन वर्षं तर रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी मुद्दाम वेगळ्या छापलेल्या नोटा. दिनार आला तेव्हा एका दिनाराला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश रुपया असा भाव ठरला. म्हणजे एका रुपयाचे बरोबर ७५ फिल्स. ‘खम्सा व सबईन फिल्स’ हे शब्द चुकून तोंडी आले, तर त्या काळच्या हिशेबानं आपण एक रुपया म्हटलेला असतो.

टक्क्यांबद्दल थोडंच सांगायचं आहे. टक्के म्हणजे ‘फिल-मिआ’, शंभरात, बोलताना ‘बिल-मिया’. हा मिआ म्हणजे शुहूर सनातला ‘मया’. आधी संख्या, मग ‘बिल-मिया’: पाच टक्के ‘खम्सा बिल-मिया’, पंचवीस टक्के ‘खम्सा व इश्रीन बिल-मिया’, अडीच टक्के ‘इथ्नेन व नुस्स बिल-मिया’. शाळेत किंवा बातम्यांत दशांश वाचायचा असेल तर स्वल्पविरामाला ‘फासिला’ म्हणतात: ‘इथ्नान फासिला खम्सा’. लिहिताना टक्क्याची खूण अरबी आकड्यांच्या डावीकडे येते, कारण ओळ तिकडे चालली आहे. आकडा त्याच्या आत डावीकडून उजवीकडे वाचायचा आणि मग मागे उडी मारून खुणेकडे जायचं.

सवलतीच्या फलकावर मोठ्या सत्तरापेक्षा त्याच्या शेजारचा बारीक शब्द आधी शोधावा. ‘खस्म’ म्हणजे सूट. ‘खस्म सबईन बिल-मिया’ म्हणजे सत्तर टक्के सूट. पण मध्ये ‘हत्ता’ असेल तर अर्थ ‘सत्तरपर्यंत’. कधी ‘तसिल इला’, पोहोचते पर्यंत, असंही लिहितात. हे शब्द सत्तराच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या अक्षरात छापलेले असतात. आणि ‘रुबअ’ कशाचा तेही पाहावं. ‘रुबअ दीनार’ सूट म्हणजे नेमके २५० फिल्स. ‘रुबअ अथ-थमन’ म्हणजे किमतीचा पाव. आपल्या खजुराच्या किलोला पहिल्या सुटीत २५० फिल्स कमी होतात, दुसरीत ६८७ आणि वर अर्धा फिल्स.

तर चला, खजूर घेऊ. पाटी ٢٫٧٥٠, खाली ‘खस्म’ आणि वीस टक्के, हत्ता नाही. मला अर्धा किलो हवाय. ‘नुस्स किलो, लौ समहत.’ लौ समहत म्हणजे कृपा करून. दुकानदार बाई असेल तर ‘लौ समहती’. पावणेतीनची निमकी किती? ज्यांच्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करवून घेतली असेल त्यांना कागद लागणार नाही: एक दिनार ३७५ फिल्स. तोंडानं: ‘दीनार व थलाथमिया व खम्सा व सबईन’. वीस टक्के म्हणजे खुम्स, पाचवा हिस्सा. १३७५ फिल्सचा पाचवा हिस्सा २७५, म्हणजे ‘मियतेन व खम्सा व सबईन’. दोनशेला पुन्हा द्विवचन, ‘मियतेन’, दोन हा शब्द नाहीच. उरले अकराशे फिल्स, ‘दीनार व मियत फिल्स’. इथे ‘दीनार व अशरा’ म्हटलं तर १.०१० होईल. तीच पहिली चूक, दुसऱ्या वेषात.

मी पाचाची नोट पुढे करतो. दुकानदार मोड माझ्या तळहातावर ठेवत मोजतो. एक, दोन, तीन दिनार. मग अर्ध्याची नोट, ‘नुस्स’. मग पावाची, ‘रुबअ’. एव्हाना झाले ‘अर्बआ इल्ला रुबअ’, पावणेचार. वर शंभराचं एक नाणं आणि पन्नासाचं एक. ३.९००. चाराला शंभर कमी, ‘अर्बआ इल्ला मिया’. आपल्याकडे पावणेला पावच कमी करता येतो. अरबी इल्लापुढे शंभर फिल्सही चालतात.